एकाच चामड्याचे तीन रंग: कोल्हापुरी चपलांच्या थ्रीडी कामातील लुकडेव्ह प्रकाशाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरात राजारामपुरी भागात काम करणाऱ्या चार जणांच्या एका थ्रीडी स्टुडिओतील आहे. मी तेथे मटेरियलची तपासणी पाहत होतो. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून नावे आणि कामाचे काही तपशील वगळले आहेत. तांत्रिक आकडे मात्र त्या वेळच्या नोंदवहीतील आहेत.

शहरातील एका चप्पल व्यापाऱ्याला आपल्या संकेतस्थळावर कोल्हापुरी चपला फिरवून पाहता येतील अशा स्वरूपात मांडायच्या होत्या. एकूण चोवीस नमुने होते. त्यांत कापशी होत्या, कानवाल्या होत्या आणि जरीची वेणी घातलेले काही लग्नातले जोडही होते. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याचा तपकिरी रंग हा या मालाचा प्राण आहे, असे व्यापाऱ्याने पहिल्याच भेटीत सांगितले होते. त्यामुळे रंग जुळणे ही या कामाची पहिली अट होती.

कामाची विभागणी नेहमीसारखीच होती. एक सहकारी सब्स्टन्स पेंटर या सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्चर रंगवत असे. दुसरी सहकारी तेच टेक्स्चर ब्लेंडरमध्ये आणून त्याच्या सायकल्स या रेंडररवर स्थिरचित्रे काढत असे. शेवटी मॉडेल संकेतस्थळावरील थ्रीडी दर्शकात जात असे. म्हणजे एकच चामडे तीन ठिकाणी, तीन वेगवेगळ्या प्रकाशांत आणि तीन वेगवेगळ्या पडद्यांवर पाहिले जात होते, आणि प्रत्येक जण आपापल्या पडद्यावर दिसेल ते खरे मानत होता.

अडचण

पहिली सात मॉडेल्स दर्शकात चढवल्यावर व्यापाऱ्यांचा फोन आला. ते म्हणाले, "हा माझ्या दुकानातला माल नाही. यावर काळं पॉलिश मारल्यासारखं दिसतंय." आम्ही दुकानातून आणलेला जोड पडद्याशेजारी धरला आणि त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले. चामडे जवळजवळ काळपट दिसत होते आणि पट्ट्यावरील ठशांची नक्षी त्यात बुडाली होती.

टेक्स्चर करणाऱ्या सहकाऱ्याची बाजूही चुकीची नव्हती. त्याच्या पेंटरमध्ये तेच चामडे फिकट आणि किंचित धुरकट दिसत होते, म्हणून त्याने बेस कलर, म्हणजे चामड्याचा प्रकाशाशिवायचा मूळ रंग, गडद केला होता. ब्लेंडरमधील चित्रेही फिकट आल्यामुळे त्याला आपण बरोबर आहोत अशी खात्री वाटली आणि त्याने तो आणखी एकदा गडद केला. नोंदी तपासल्यावर असे दिसले की पहिल्या मॉडेलचा बेस कलर सुरुवातीला 97, 66, 48 होता आणि दोन दुरुस्त्यांनंतर तो 78, 44, 22 झाला होता. हे आकडे पडद्यावरच्या 0 ते 255 या मापातील लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचे आहेत. येथे नीट पाहावे लागते ते असे की सुरुवातीचा रंग अंदाजाने घेतलेला नव्हता. ढगाळ दिवशी गच्चीवर, लेन्सला पोलरायझर लावून आणि शेजारी 18 टक्के परावर्तनाचे ग्रे कार्ड ठेवून काढलेल्या छायाचित्रावरून तो मोजलेला होता. मोजलेला बरोबर रंग आम्ही प्रकाशाच्या दोषापायी बिघडवला होता.

तेव्हा प्रश्न "रंग कोणता बरोबर" हा नव्हता. रंग पाहताना प्रकाश, एक्स्पोजर आणि टोन मॅपिंग, म्हणजे हिशेबातील तेज पडद्यावर बसवण्याची रीत, यांतील कोणती गोष्ट कोठे बदलते आहे हे आम्हाला सांगता येत नव्हते, ही खरी अडचण होती. मटेरियल हा एक अज्ञात आणि प्रकाश हा दुसरा अज्ञात असेल, तर कितीही वेळ पाहिले तरी दोष कोणाचा हे ठरत नाही. ज्यांचे गुणधर्म आधीच पक्के ठाऊक आहेत अशा वस्तू त्याच प्रकाशात ठेवणे हाच त्यावरचा मार्ग आहे, आणि लुकडेव्हमध्ये, म्हणजे मॉडेलचे रंग आणि पोत जुळवण्याच्या कामात, ग्रे बॉल आणि क्रोम बॉल त्याचसाठी ठेवतात. ग्रे बॉल पूर्ण मॅट असून पडलेल्या प्रकाशाच्या 18 टक्के परत पाठवतो, म्हणून त्याच्यावरून प्रकाश किती आहे आणि त्याला रंगछटा आहे का हे कळते. क्रोम बॉल आरसा असतो, म्हणून त्याच्यावरून प्रकाश कोठून येतो आणि त्याचा आकार कसा आहे हे कळते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सर्वांत स्वस्त होता. तिन्ही ठिकाणचा मूळचा प्रकाश तसाच ठेवायचा आणि दर्शकात जाणाऱ्या टेक्स्चरला शेवटी एक ठरावीक उजळपणा द्यायचा. सात मॉडेल्सपुरते ते चालले असते. पण गडद आणि उजळ चामड्यांना एकच दुरुस्ती लागू पडत नाही हे दोन नमुन्यांवर करून पाहताच दिसले. पिवळसर चामडे ठीक झाले तेव्हा गडद चामडे राखाडी झाले. हा पर्याय आम्ही सोडला.

दुसरा पर्याय खऱ्या जागेच्या एचडीआरआयचा, म्हणजे सर्व दिशांचा खरा उजेड साठवणाऱ्या छायाचित्राचा, होता. आमच्याकडे रंकाळ्याच्या काठावर सकाळी घेतलेला एक चांगला एचडीआरआय होता आणि तोच तिन्ही ठिकाणी वापरावा अशी सूचना आली. आम्ही त्यात ग्रे बॉल ठेवून पाहिला. बॉलच्या वरच्या भागावर आकाशाची निळी छटा आली आणि खालच्या भागावर लालसर मातीची. डोळ्यांना तो प्रकाश अगदी नैसर्गिक वाटत होता, आणि म्हणूनच तो धोक्याचा होता. तपकिरी चामड्यावर खालून लाल प्रकाश पडला की ते हवे त्यापेक्षा उबदार दिसते, आणि रंगवणारा नकळत त्यातील लाल कमी करतो. एचडीआरआयचे रंग काढून तो करडा करता आला असता आणि पुष्कळ ठिकाणी तसे करतात, पण त्याने दुसरी अडचण सुटत नव्हती. सकाळच्या त्या चित्रात सूर्य ढगाआड होता, त्यामुळे क्रोम बॉलवर एकही ठळक, लहान उजेड दिसत नव्हता. अशा सर्वत्र मऊ प्रकाशात रफनेस, म्हणजे पृष्ठभागाचा खरखरीतपणा, 0.4 आणि 0.6 यांत फारसा फरक दिसत नाही. हात फिरून गुळगुळीत झालेला अंगठा आणि खरखरीत तळ यांचा फरकच आमच्या चपलांत महत्त्वाचा होता.

तिसरा पर्याय म्हणजे स्वतःचा तटस्थ प्रकाश तयार करणे, त्याची एकच फाइल तिन्ही ठिकाणी वापरणे आणि प्रत्येक ठिकाणी बॉलवरचे वाचन आधी हिशेबाने काढून मग पडताळणे. याला दोन ते तीन दिवस लागणार होते आणि काम आधीच मागे पडले होते. तरीही आम्ही हाच मार्ग घेतला. उरलेली सतरा मॉडेल्स पुन्हा अंदाजावर करण्यापेक्षा ते दिवस स्वस्त पडतील असा माझा आग्रह होता.

केलेली कार्यवाही

सर्वांत आधी आम्ही प्रकाशच काढून टाकला. प्रत्येक साधनात वातावरण म्हणून सर्व दिशांना 1.0 इतके एकसारखे पांढरे चित्र लावले आणि त्यात फक्त ग्रे बॉल ठेवला. अशा वातावरणात 0.18 परावर्तनाचा मॅट गोळा कोठूनही पाहिला तरी नेमका 0.18 दिसला पाहिजे, आणि एसआरजीबी पडद्यावर 0.18 म्हणजे 118. सावली नाही, दिशा नाही, म्हणून वादालाही जागा नाही. ब्लेंडरमध्ये टोन मॅपिंग ठरवणारे व्ह्यू ट्रान्सफॉर्म मुळात `AgX` होते. ते तेजस्वी भाग हळुवार दाबते आणि रंगही कमी करते. ते काढून `Standard` केल्यावर बॉलच्या मध्यावर 118 मिळाले.

पेंटरमध्ये मात्र 127 आले. येथे आमचा अर्धा दिवस गेला, आणि आता वाटते की तो सत्कारणी लागला. पहिली प्रतिक्रिया एक्स्पोजर थोडे खाली ओढून 118 आणण्याची होती. तसे केले असते तर आकडा जुळला असता आणि दोष कायमचा लपला असता. आम्ही तसे न करता हिशेब मांडला. पेंटरच्या नेहमीच्या मेटल-रफ शेडरमध्ये अधातू पृष्ठभागाला समोरून सुमारे 4 टक्के चकाकी गृहीत धरलेली असते आणि रफनेस 1 केला तरी ती जात नाही, फक्त पसरते. 0.18 मधून चकाकीत गेलेला थोडा भाग वजा करून 0.04 मिळवले की सुमारे 0.213 येते, आणि पडद्यावर ते 127 होते. म्हणजे पेंटरचा प्रकाश बरोबर होता. आमचा ग्रे बॉलच खऱ्या अर्थाने मॅट नव्हता. टेक्स्चर सेटमध्ये `Specular level` ही वाहिनी जोडून ती 0 केल्यावर मध्यावरचे वाचन 118 वर आले. ब्लेंडरमध्येही प्रिन्सिपल्ड शेडरची स्पेक्युलर पातळी 0 आहे याची खात्री केली. वाचन नेहमी बॉलच्या मध्यावर घ्यावे, कारण कडेला शेडरनुसार थोडी उजळ किनार राहू शकते.

त्याच पांढऱ्या वातावरणात क्रोम बॉलही ठेवला. बेस कलर 1, मेटॅलिक 1 आणि रफनेस 0 असेल तर तो पार्श्वभूमीत पूर्ण नाहीसा व्हायला हवा, आणि तसा तो झाला. नंतर त्याचा रफनेस 0.6 केला. सायकल्समध्ये `Multiscatter GGX` निवडलेले असताना तो नाहीसाच राहिला, पण आमच्या पेंटरमध्ये त्याची कड किंचित काळवंडली. हा फरक प्रकाशाचा नव्हता, शेडरच्या गणिताचा होता. आम्ही तो नोंदवून ठेवला, कारण जरीच्या वेणीवर तो पुढे दिसणार हे उघड होते.

आता खरा प्रकाश बांधायचा होता. आम्ही तो मुद्दाम साधा ठेवला: सगळीकडे 0.25 इतका करडा घुमट आणि त्यात एकच गोल सॉफ्टबॉक्स. वस्तूकडून पाहता त्या सॉफ्टबॉक्सचा व्यास 20 अंश भरेल असा ठेवला आणि त्याची तीव्रता 25 धरली. हे 25 कोठून आले ते सांगणे आवश्यक आहे. ग्रे बॉलच्या सर्वांत उजळ ठिकाणी एकूण प्रकाश 1.0 व्हावा, म्हणजे तेथे पुन्हा 0.18 वाचता यावे, असे आम्हाला हवे होते. त्यातले 0.25 घुमट देतो, म्हणून 0.75 सॉफ्टबॉक्सने द्यायला हवेत. 20 अंश व्यासाच्या गोल स्रोताचा वाटा त्याच्या तीव्रतेच्या साधारण 0.03 पट असतो, म्हणून 0.75 ला 0.03 ने भागले. या मांडणीत ग्रे बॉलची उजळ बाजू 118 आणि सावलीची बाजू 0.045, म्हणजे 60, यायला हवी. हे दोन आकडे आम्ही कागदावर लिहून प्रत्येक टेबलावर चिकटवले.

हा प्रकाश ब्लेंडरमध्ये पॅनोरमिक कॅमेऱ्याने 4096 बाय 2048 आकाराच्या 32 बिट ईएक्सआर फाइलमध्ये उतरवला. जमीन ठेवली नाही. सायकल्समध्ये जमिनीवरून परतणारा उजेड मोजला जातो आणि पेंटरच्या व्ह्यूपोर्टमध्ये तो मोजला जात नाही, त्यामुळे जमीन ठेवली असती तर आम्ही स्वतःच एक फरक निर्माण केला असता.

पुढची पायरी दिशेची होती. एकाच चित्राचा मध्य प्रत्येक साधन वेगळ्या दिशेला लावते, म्हणून फाइल एक असली तरी प्रकाश एकाच बाजूने येईल असे नाही. ग्रे बॉलवरून ही चूक ढोबळपणेच कळते, क्रोम बॉलवरून ती मोजता येते. प्रकाश आणि कॅमेरा यांच्यात गोळ्यापाशी जो कोन असतो, त्याच्या निम्म्या कोनावर आरशात प्रतिबिंब पडते. आमचा सॉफ्टबॉक्स कॅमेऱ्याच्या दिशेपासून 60 अंशांवर डावीकडे वर होता, म्हणून त्याचे प्रतिबिंब क्रोम बॉलच्या केंद्रापासून त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर दिसायला हवे, कारण 30 अंशांची ज्या 0.5 असते. ग्रे बॉलची सर्वांत उजळ जागा मात्र त्याच दिशेत त्रिज्येच्या सुमारे 0.87 इतक्या अंतरावर, कडेच्या जवळ येते. दोन बॉलवरील उजेड एकाच ठिकाणी नाही हे पाहून नवखा माणूस गोंधळतो, पण तो तसाच असायला हवा. हे गणित लांब लेन्ससाठी खरे आहे. जवळून, रुंद लेन्सने पाहिले तर ते ढळते, म्हणून तिन्ही ठिकाणी आम्ही लांब लेन्स ठेवली.

फिरवण्याच्या चुकीशिवाय चित्र आरशासारखे उलटे होण्याचीही शक्यता असते, आणि गोल सॉफ्टबॉक्सवरून ते कळत नाही. त्यासाठी घुमटावर उजव्या बाजूला 0.4 इतक्या मंद उजेडाचा एक छोटा चौकोन काढला होता. त्याने प्रकाशात म्हणण्यासारखा फरक पडत नाही, पण क्रोम बॉलमध्ये तो स्पष्ट दिसतो. आमच्या बाबतीत चित्र उलटे झालेले नव्हते. पेंटरमध्ये वातावरण फिरवून प्रतिबिंब जागेवर आणले. दर्शकात फिरवण्याची सोय आम्हाला उपलब्ध नव्हती, म्हणून चित्रच आडवे सरकवून त्याची वेगळी प्रत केली. 4096 पिक्सेल रुंदीत चौथाई फेर म्हणजे 1024 पिक्सेल. तेवढे सरकवल्यावर चौकोन आणि सॉफ्टबॉक्स दोन्ही आपल्या जागी आले.

दर्शकासाठी ईएक्सआरचे एचडीआर करताना एक चूक झाली आणि ती क्रोम बॉलनेच पकडली. मधल्या एका टप्प्यात फाइल 8 बिटमध्ये गेली होती. 1.0 च्या वरचे सगळे तेज त्यात कापले जाते, आणि 25 चा सॉफ्टबॉक्स 1 चा होतो. पडद्यावर दोन्ही पांढरेच दिसतात, म्हणून डोळ्यांना काही कळत नाही. ग्रे बॉलची उजळ बाजू 118 च्या खूप खाली आली तेव्हा शंका आली. मग संशयित फाइल ब्लेंडरमध्ये लावून एक्स्पोजर पाच स्टॉप खाली केले. पाच स्टॉप म्हणजे 32 ने भागणे. मूळ फाइलमध्ये 25 चे 0.78 होऊन प्रतिबिंब अजूनही उजळ राहिले, तर बिघडलेल्या फाइलमध्ये ते 0.03 वर येऊन विझले. ही तपासणी एका मिनिटाची आहे, आणि तेव्हापासून ती प्रत्येक एचडीआरआयवर केल्याशिवाय आम्ही तो वापरत नाही.

एवढे झाल्यावर प्रकाश तिन्हीकडे एक झाला असे आम्ही समजलो, आणि तेव्हाच दर्शकात ग्रे बॉल 105 वाचला गेला. फाइल आता बरोबर होती, दिशा बरोबर होती, बॉलचे स्पेक्युलर 0 होते, तरीही 118 येईना. कारण दर्शकाच्या टोन मॅपिंगमध्ये सापडले. तेथे क्रोनोस पीबीआर न्यूट्रल हे टोन मॅपिंग लावलेले होते. विक्रीच्या वस्तूंचा बेस कलर पडद्यावर जसाच्या तसा दिसावा या हेतूने ते तयार केलेले आहे, आणि त्यासाठी ते अधातूंवरील 0.04 चकाकी आधीच वजा करते. आमच्या बॉलला चकाकीच नव्हती, तरी वजाबाकी झाली. 0.18 चे 0.14 झाले आणि पडद्यावर ते 105 होते.

हाच या प्रकरणाचा उलगडा होता. 0.18 वर 0.04 चा फरक सोसण्याजोगा असतो. पण आमच्या चामड्याचा निळा भाग फक्त 0.03 होता आणि हिरवा 0.055. पेंटरमध्ये एकसारख्या पांढऱ्या प्रकाशात या चामड्यावर चकाकी मिळवली जाते आणि 97, 66, 48 चे चामडे सुमारे 110, 86, 74 दिसते. लाल थोडाच वाढतो, निळा मात्र दुपटीहून अधिक प्रकाश घेतो, म्हणून तपकिरीत राख मिसळल्यासारखी वाटते. सहकाऱ्याला जे धुरकट दिसत होते ते खरेच होते. ती टेक्स्चरची चूक नव्हती, चामड्याच्या पृष्ठभागावरून परतलेला पांढरा उजेड होता. त्याने तो टेक्स्चरमधून वजा केला, दर्शकाने तो टोन मॅपिंगमधून पुन्हा वजा केला, आणि दोन वजाबाक्यांनंतर चामडे काळे झाले.

आता निर्णय असा घ्यायचा होता की रंगाचा अंतिम निवाडा कोठे करायचा. गिऱ्हाईक दर्शकातच चप्पल पाहणार होते, म्हणून तोच प्रमाण मानला. ब्लेंडरच्या 4.2 आवृत्तीपासून `Khronos PBR Neutral` हे व्ह्यू ट्रान्सफॉर्म उपलब्ध आहे, ते आम्ही लावले आणि तेथेही ग्रे बॉल 105 झाल्याची खात्री केली. आमच्या पेंटरमध्ये ते बसवलेले नव्हते. पेंटरमध्ये ग्रे बॉल 118 आणि बाकी दोन ठिकाणी 105 ही स्थिती आम्ही जाणीवपूर्वक स्वीकारली. तिन्हीकडे एकच आकडा यावा हा हट्ट मी सोडला, कारण प्रत्येक ठिकाणी आकडा किती यायला हवा हे आता आधी सांगता येत होते. कागदावर त्या दोन ठिकाणांचे अपेक्षित वाचन वेगळे लिहिले: उजळ बाजू 105 आणि सावली 30.

पेंटरमध्ये काम करणाऱ्या सहकाऱ्यासाठी एक नियम ठरवला. बेस कलर मोजलेल्या पट्टीवरून घ्यायचा आणि तो पाहायचा असेल तर `C` दाबून फक्त बेस कलरची वाहिनी पाहायची. `M` दाबून पूर्ण मटेरियलवर परत आल्यावर रफनेस, शिवण आणि ठसे तपासायचे, पण तेथे फिकट वाटले म्हणून बेस कलरला हात लावायचा नाही.

याच दरम्यान एका सहकाऱ्याने शिवाजी उद्यमनगरातून बेअरिंगची मोठी पोलादी गोळी आणली. छायाचित्रातही क्रोम बॉल असावा असा त्याचा विचार होता आणि तो चांगला होता. गच्चीवर उजेड कोठून येत होता हे तिच्यावरून छान कळले. फक्त ती थ्रीडीतील क्रोम बॉलशी उजळपणात जुळवायची नाही, असे ठरवले. चकचकीत पोलाद पडलेल्या प्रकाशाच्या निम्म्याहून थोडाच अधिक भाग परत पाठवते आणि आमचा थ्रीडी बॉल सगळाच्या सगळा.

निष्पत्ती

सातही मॉडेल्सचा बेस कलर मूळ मोजमापावर परत नेला. त्याला एक दुपार पुरली, कारण काही नव्याने रंगवायचे नव्हते, फक्त दोन दुरुस्त्यांचे थर काढायचे होते. दुसऱ्या दिवशी व्यापारी स्वतः स्टुडिओत आले. त्यांनी दुकानातला जोड पडद्याशेजारी धरून पाहिला आणि सातपैकी सहा मंजूर केले. सातव्यात त्यांना कानाच्या आतील बाजू जास्त काळी वाटली. ते बरोबर होते, आणि त्याचे कारण प्रकाशात नव्हते. पेंटर आणि दर्शक कोपऱ्यातील सावली अँबियंट ऑक्ल्युजनच्या चित्रावरून घेतात, आणि आमच्या त्या मॉडेलचे चित्र जास्त गडद भाजले गेले होते. सायकल्स सावली प्रत्यक्ष मोजत असल्यामुळे तेथे ते दिसलेच नव्हते.

उरलेल्या सतरा मॉडेल्समध्ये चामड्याच्या रंगावरून एकही फेरी परत आली नाही. जरीची वेणी मात्र पेंटरमध्ये सायकल्सपेक्षा थोडी मंद दिसत राहिली. रफनेस 0.6 च्या क्रोम बॉलने हे आधीच दाखवले होते, म्हणून कोणी तो फरक टेक्स्चरमध्ये भरून काढायला गेले नाही. या तटस्थ प्रकाशात चप्पल देखणी दिसत नाही, ही तक्रारही राहिली आणि ती रास्त आहे. मंजुरीनंतर स्थिरचित्रांसाठी रंकाळ्याचा एचडीआरआय लावला, आणि तेव्हा चामड्यावर आलेली लालसर ऊब प्रकाशाची आहे हे सर्वांना माहीत होते.

वेगळे काय करता आले असते

एकसारख्या पांढऱ्या वातावरणाची चाचणी पहिल्या मॉडेलच्या आधी करायला हवी होती. तिला फाइल बनवण्यापासून वाचनापर्यंत तासाभराहून जास्त वेळ लागत नाही, आणि पेंटरचे 127 तेव्हाच समोर आले असते. आम्ही प्रकाश सुंदर करण्यात आधी गुंतलो आणि त्याचे मोजमाप नंतर केले.

दर्शकात कोणते टोन मॅपिंग आहे हे कामाच्या करारातच विचारायला हवे होते. संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांनी ते नंतर एका ओळीत कळवले. आधी कोणी विचारलेच नव्हते.

ग्रे बॉलबद्दल माझ्या मनात अजून एक निर्णय पूर्ण मिटलेला नाही. स्पेक्युलर 0 असलेल्या बॉलमुळे हिशेब स्वच्छ झाला, पण न्यूट्रल टोन मॅपिंग ज्या वस्तूंसाठी केले आहे त्या सर्वांना चकाकी असते. 4 टक्के चकाकी असलेला दुसरा ग्रे बॉल शेजारी ठेवला असता, तर दर्शकात त्याचे मध्यावरचे वाचन 118 च्या जवळ आले असते आणि वजाबाकीचे कारण एका नजरेत दिसले असते. पुढच्या कामासाठी दृश्यात आता तीन बॉल आहेत: चकाकी नसलेला करडा, चकाकी असलेला करडा आणि क्रोम. चौथा, रफनेस 0.6 चा धातूचा बॉल ठेवावा की नाही यावर आमच्यात एकमत नाही. जरीचे काम पुन्हा आले की तो ठेवावाच लागेल असे मला वाटते.

पडद्यांचे कॅलिब्रेशन आम्ही त्या वेळी केले नव्हते. आकड्यांवर विसंबल्यामुळे ते निभावले, पण व्यापारी पडद्याशेजारी चप्पल धरून निवाडा करतात तेव्हा आकडे पुरत नाहीत. मंजुरी ज्या पडद्यावर दिली गेली तो एकच पडदा आता त्या कामासाठी राखून ठेवला आहे, आणि खिडकीचा उजेड त्यावर पडू नये म्हणून त्याची जागा बदलली आहे.